एका गुंठ्यावर एक इंच, म्हणजे एक ब्रास

२२ आणि २३ जुलै २०२१ च्या पावसात वारणा पात्र सोडून आमच्या रानात शिरली. चांदोली धरणाच्या खाली नदीकाठाला आमचं पंचावन्न गुंठ्यांचं मळीचं रान आहे. तेव्हा त्यात गुडघ्याएवढं सोयाबीन होतं. तीन दिवसांनी पाणी उतरलं आणि मी आबांबरोबर, म्हणजे माझ्या सासऱ्यांबरोबर, रानात गेले. बांधावरून सोयाबीन कुठं दिसेना. वरच्या अंगाला तपकिरी गाळ साचला होता आणि खालच्या अंगाला पांढुरकी वाळू पसरली होती. नदीचा काठ एका ठिकाणी फुटला होता. त्या खिंडारातून पाणी आत घुसलं तिथं माणूस बुडेल एवढी घळ पडली होती, आणि घळीच्या तोंडाशी वाळूचा ढीग पंख्यासारखा उघडला होता.

गावात त्याच आठवड्यात जेसीबीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मशीन मिळेल तेव्हा लावायचं आणि सगळं ओरबाडून टाकायचं, असाच सगळ्यांचा विचार होता. आमच्या भाऊजींनीही मशीनवाल्याला सांगून ठेवलं होतं. आबा म्हणाले, "थांबा. काय साठलंय आणि किती साठलंय ते आधी बघू. मळीवर पूर काय पहिल्यांदा आलाय का?" त्यांच्या लहानपणी पूर आला की लोक गाळाला हात जोडत. पोयटा बसला की पुढची दोन वर्षं खत कमी लागायचं. वाळू मात्र आबांनीही एवढी पाहिली नव्हती.

पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले, तेव्हा एक गोष्ट कळली. आपत्तीच्या निकषांत गाळ काढण्याची मदत धरायची तर थर तीन इंचांपेक्षा जास्त असावा लागतो. म्हणजे थर मोजून दाखवायला हवा. मी घरातली स्टीलची पट्टी नेली, खड्डा घेतला, पट्टी उभी धरली आणि मागं आमच्या विहिरीची मोटारखोली येईल असा फोटो काढला. एकाच जागी नाही, अकरा जागी. मदतीसाठी म्हणून घेतलेल्या त्या मोजमापातूनच पुढचं सगळं काम ठरलं.

खड्डे आम्ही असे घेतले. रानाच्या लांबीला दोरी ताणून दर वीस पावलांवर खुंटी ठोकली आणि प्रत्येक खुंटीपाशी हातभर रुंद खड्डा मूळ जमीन लागेपर्यंत खणला. मूळ जमीन कुठं सुरू होते हे ओळखायला अवघड गेलं नाही, कारण तिथं सोयाबीनची झाडं आडवी दबलेली सापडत होती. त्या कुजलेल्या पानांची काळी रेघ हीच आमची खूण. रेघेच्या वर नदीनं आणलेलं, रेघेच्या खाली आमचं. खड्ड्याची एक बाजू खुरप्यानं ताशीव केली की थर मोजता येत. वाळूच्या बहुतेक खड्ड्यांत तळाला जाड वाळू, तिच्यावर बारीक वाळू आणि सगळ्यात वर दोन बोटं गाळाची साय होती. पाणी जोरात होतं तेव्हा जड ते आधी बसलं आणि पाणी निवळताना हलकं ते शेवटी. त्यामुळं वरून पाहणाऱ्याला पुष्कळ ठिकाणी नुसता गाळच दिसायचा. एका शेजाऱ्यानं वरची साय बघून "पोयटा आलाय" म्हणत रोटाव्हेटर मारला आणि हरभरा पेरला. त्याच्या रानात सायीखाली नऊ इंच वाळू होती.

खड्ड्यांची मापं वहीत उतरल्यावर रानाचे तीन तुकडे पडले. वरच्या बावीस गुंठ्यांत दोन ते तीन इंच निव्वळ गाळ होता. मधल्या अठरा गुंठ्यांत सरासरी पाच इंच वाळूमिश्रित थर होता. खिंडारासमोरच्या पंधरा गुंठ्यांत सरासरी पंधरा इंच वाळू होती, ढिगाच्या मध्यावर तर दोन फुटांच्या वर.

हाताला लागतं तेवढ्यावर विसंबायचं नाही म्हणून बाटलीची चाचणीही केली. लिटरच्या पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती घातली, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांचा साबण टाकून पाच मिनिटं जोरात हलवली आणि खिडकीत ठेवली. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू. दोन-तीन तासांत तिच्यावर बसतो तो पोयटा. पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळ ठेवते ती चिकणमाती. वरच्या तुकड्यातला गाळ जवळजवळ सगळा पोयटा आणि चिकणमातीचा निघाला. खालच्या तुकड्यातल्या बाटलीत मिनिटभरात दहातला नऊ हिस्सा तळाला गेला आणि वरचं पाणी निवळलं. ती बाटली बघून आबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना एक चूक होता होता टळली. मी वाळू आणि खालची माती एकत्र करून एकच पिशवी भरत होते. प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "ताई, दोन्ही वेगळे आणा. एकत्र केलंत तर अहवाल कशाचाच येणार नाही." मग प्रत्येक तुकड्यातून आठ-नऊ जागची माती घेतली, नदीची वेगळी आणि रेघेखालची वीतभर खोलीपर्यंतची वेगळी. ती सावलीत वाळवली, ढीग करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत गेले. पिशव्या कापडी घेतल्या, कारण खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली तर गोणीतलं खतच अहवालात उतरतं. अहवाल आला तेव्हा सामू आणि क्षारता दोन्हीकडं ठीक होती. मूळ मातीत सेंद्रिय कर्ब ०.६१ टक्के होता. वाळूत तो ०.१२ टक्के होता. म्हणजे वाळू विषारी नव्हती, उपाशी होती. आणि आमची जमीन गेलेली नव्हती, खाली शाबूत होती.

आता हिशोब. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर एक इंच थर म्हणजे जवळपास नव्वद घनफूट, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास. थोडक्यात, एका गुंठ्यावर एक इंच म्हणजे साधारण एक ब्रास, ट्रॉलीची एक खेप. हे गणित मी भाऊजींपुढं मांडलं तेव्हा ते वही स्वतःकडं ओढून दोनदा तपासत बसले. रानावरचं सगळं उचलायचं तर साडेतीनशेच्या आसपास खेपा होत होत्या. वरच्या तुकड्यातलं काहीच उचलायचं नाही, मधल्यात नांगरून मिसळायचं आणि खालच्यातही शेवटचे तीन इंच सोडायचे, असं ठरवलं तर काम दीडशे-एकशेसाठ ब्रासवर येत होतं.

शेवटचे तीन इंच का सोडायचे हे खड्ड्यात उभं राहिल्यावर कळतं. पुराखालची जमीन सपाट नसते. तिथं जुन्या सऱ्या, वाफे, वाटा असतात. बकेट सरळ रेषेत ओढली की उंचवट्यावरची काळी माती वाळूबरोबर ट्रॉलीत जाते. वाळू काढायची म्हणून ०.६१ कर्बाची माती काढून टाकायची आणि मग तीच भरून काढायला शेणखत विकत आणायचं, हा उफराटा धंदा. उलट आमच्या भारी काळ्या मातीत दोन-तीन इंच वाळू नीट मिसळली तर निचरा सुधारतोच.

वरच्या तुकड्याला फार काही लागलं नाही. गाळ वाळून फरशीसारख्या भेगा पडेपर्यंत थांबलो, कारण ओल्या गाळात पाय घातला की त्याची वीट होते. मग नांगरट आणि दोन कुळवाच्या पाळ्या. रब्बीत तिथं शाळू केला आणि तो चांगला आला.

मधल्या तुकड्यात पलटी नांगर घातला. मिसळायचं असेल तर थर जेवढा, त्याच्या दुप्पट तरी खोली मिळाली पाहिजे, म्हणजे जेवढी वाळू तेवढी माती वर येते. पाच इंचांच्या थराला दहा-अकरा इंच नांगरट लागते. पलटी नांगर तेवढा जातो. रोटाव्हेटर चार-पाच इंचांच्या पुढं जात नाही. तो वाळूतच फिरतो, वाळू वाळूतच मिसळतो आणि वरून रान छान भुसभुशीत दिसतं. शेजाऱ्याच्या रानात नेमकं हेच झालं होतं. त्याचा हरभरा बोटभर आला आणि पिवळा पडला. मी त्याच्याकडं खड्डा घेऊन पाहिला. वरची वाळू कोरडी ठक्क होती, आणि जिथं वाळू संपून काळी माती सुरू होते त्या सांध्यावर पाणी साचलेलं होतं. दिलेलं पाणी वाळूतून सरसर खाली जातं आणि काळ्या मातीवर अडतं. रोपाची मुळं वर तहानलेली आणि खाली बुडालेली. सांधा जागेवर राहिला तर खतानं फरक पडत नाही. खड्ड्याच्या भिंतीत ती रेघ सरळ दिसते तोवर मिसळण झालेली नाही असं समजायचं. आमच्याकडं एका नांगरटीनंतर रेघ मोडली, पण वाळूचे पट्टे उभे राहिले होते. पंधरा दिवसांनी आडवी नांगरट केली तेव्हा माती एकजीव दिसू लागली.

खालच्या पंधरा गुंठ्यांत मात्र आमचं चुकलं. सप्टेंबरअखेर मशीन मोकळं होतं, भाऊजींना घाई होती आणि वाळू वरून वाळलेली दिसत होती. मीही हो म्हटलं. पण वाळूच्या पांघरुणाखाली काळ्या मातीला वाफसाच आलेला नव्हता. त्या दिवशी रेघेखालची माती मुठीत घेतली असती तर बोटांतून लाडू निघाला असता. वाफशाची माती दाबून कंबरेएवढ्या उंचीवरून टाकली की फुटते. ती आमची माती फुटली नसती. मशीन उघड्या पडलेल्या मातीवर फिरलं, ट्रॉल्या एका कोपऱ्यात वळल्या आणि दीड दिवसात दोन-अडीच गुंठ्यांत चाकांच्या चाऱ्या पडून त्या तुकतुकीत झाल्या. संध्याकाळी आबांनी तिथं पहार मारली. ती चार इंचांवर ठण्णकन थांबली. बाजूच्या रानात तीच पहार दीड फूट जात होती. "मशीन थांबव," ते भाऊजींना म्हणाले, "वाळू काढायला गेलो आणि आपणच जमिनीची फरशी केली."

मग नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबलो. या वेळी मी दर दहा पावलांना पहारीनं थर मोजून खुंट्या रोवल्या, आणि खुंटीवर जिथवर उचलायचं तिथं लाल चिंधी बांधली. मशीन जेसीबीऐवजी पोकलेन आणलं, कारण ते जागेवर उभं राहून लांबून ओढतं. ऑपरेटरला सांगितलं की मशीन कायम वाळूवर उभं राहील, समोरची वाळू काढत मागं मागं येईल, आणि मोकळ्या झालेल्या मातीवर साखळी चढणार नाही. ट्रॉल्यांना बांधाकडेचा एकच रस्ता. मी खोरं घेऊन बकेटीपाशी उभी राहायची. बकेटीतल्या पांढऱ्यात काळी शिर दिसली की हात वर करायची. ऑपरेटर तरुण पोरगा होता. पहिल्या तासाला वैतागला, "काकी, असं केलं तर दोन दिवस लागतील." लागले. पण ट्रॉलीतून काळी माती गेली नाही.

काढलेली वाळू ठेवायची कुठं हा प्रश्न आधी सोडवून ठेवावा लागतो. वाळू गौण खनिज आहे. आपल्या रानात पुरानं आणून टाकली म्हणून ती परवानगीशिवाय विकता येत नाही, की बाहेर नेता येत नाही. नेली तर ट्रॅक्टर अडकतो. नदीत परत ढकलली तर पुढच्या पुरात तीच वाळू आपल्या किंवा खालच्या शेजाऱ्याच्या रानात येते. आम्ही तहसीलला अर्ज दिला आणि वाळू स्वतःच्याच हद्दीत जिरवायची असं लिहून दिलं. चाळीस-पंचेचाळीस ब्रास घळीत गेली. ती तशीच भरली असती तर पहिल्या पाण्यात धुपून गेली असती, म्हणून नदीकडच्या तोंडाला आधी दगड रचले, आतून वाळू भरली आणि वरून दोन फूट चिकणमाती दाबून तिथं वाळा लावला. ऐंशीएक ब्रास आमच्या पाणंदीत गेली. काळ्या मातीच्या त्या वाटेत पावसाळ्यात बैलगाडी रुतायची. वाळूचा फूटभर थर आणि वर मुरूम टाकल्यावर आता ट्रॅक्टर जातो. राहिलेली वरच्या बांधाला बाभळीखाली आहे. अजून तिथंच आहे.

वाळू हलली की रान मोकळं दिसतं आणि माणसाला वाटतं, झालं. आमच्या मधल्या तुकड्यात डिसेंबरात चाऱ्याचा मका टोकला. तीन आठवड्यांत त्याची पानं कडेनं जांभळी झाली. थंडीनंही असं होतं म्हणून मी बांधापलीकडच्या, पुरात न बुडालेल्या रानातला त्याच दिवशीचा मका पाहिला. तो हिरवागार होता. प्रयोगशाळेतल्या बाईंनी कारण सांगितलं. जमीन पाण्याखाली राहिली आणि काही काळ तिच्यावर जिवंत पीक नसलं की मुळांना स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी कमी होते, आणि नव्या वाळूत तर ती नसतेच. स्फुरद जमिनीत असून मुळापर्यंत पोचत नाही. उपाय दोनच. सुरुवातीचं स्फुरद फेकायचं नाही, बियाच्या शेजारी चार बोटांवर द्यायचं, आणि रान मोकळं न ठेवता त्यावर पीक धरायचं, म्हणजे बुरशी मुळांबरोबर परत येते. आम्ही मक्याच्या ओळीशेजारी डीएपी मातीआड केलं. नवी पानं हिरवी आली, पण महिनाभर पीक मागं पडलंच.

खालच्या तुकड्यात आम्ही पहिलं वर्ष उत्पन्नाचा विचार सोडला. उन्हाळ्यात रान पूर्ण वाळल्यावर दबलेल्या कोपऱ्यात सबसॉइलर दीड फूट खोल उभा-आडवा मारला. हे काम ओल्यात केलं तर फाळ नुसती रेघ ओढत जातो. कोरड्यात खालची फरशी तडकते. मग सगळीकडं दहा ट्रॉल्या शेणखत आणि साखर कारखान्याच्या मळीचं कुजवलेलं खत टाकलं. ताजी मळी टाकायची नाही, ती रानात तापते. जूनच्या पहिल्या पावसावर हिरवळीचं खत म्हणून गाडायला ढैंचा पेरला, एकरी वीस किलोच्या हिशोबानं, बियाणाला जिवाणू खत चोळून. वाळूत हे जिवाणू फारसे नसतात म्हणून ते चोळणं इथं जास्त गरजेचं. महिन्यानं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी निघाली, म्हणजे गाठ काम करत होती. दबलेल्या कोपऱ्यातल्या गाठी बारीक होत्या, आणि तिथली मुळं सरळ खाली न जाता काटकोनात वळली होती.

पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर यायच्या आधी, ढैंचा गाडला. पुढं खोड लाकडासारखं होतं आणि कुजायला वेळ घेतं. रब्बीत हरभरा केला. त्यानंतर खत देण्याची रीतच बदलली. वाळू मिसळलेल्या रानात युरिया दोन हप्त्यांत दिला तर निम्मा मुळाखाली निघून जातो, म्हणून तोच चार हप्त्यांत द्यायला लागलो. पाणीही थोडं थोडं आणि लवकर लवकर. आबांना दर चार दिवसांनी मोटर सुरू केलेली बघवत नसे, पण खुरप्यानं उकरून ओल दाखवली की ते मान हलवत.

पुराआधी या रानात सोयाबीन एकरी दहा क्विंटलच्या आसपास पडायचं. २०२३ च्या खरिपात वरचा तुकडा पुन्हा दहावर आला, मधला आठवर. खालच्यात एकराच्या हिशोबानं साडेपाच निघालं, आणि पुढच्या वर्षी, मध्ये एकदा ताग गाडल्यावर, सात. २०२४ ला परत माती तपासली तेव्हा खालच्या तुकड्याचा कर्ब ०.३८ होता. ०.६१ पर्यंत जायला अजून किती हंगाम लागतील हे मी मोजत नाही, दरवर्षी काहीतरी गाडते.

मागच्या काढणीनंतर जुन्याच खुंट्यांच्या जागी परत खड्डे घेतले. मधल्या तुकड्यात रेघ सापडली नाही. खालच्यात अंधूक पट्टा दिसला, पण मुळं तो ओलांडून खाली गेली होती. ट्रॉल्या वळल्या होत्या त्या कोपऱ्यात पहार आता नऊ इंच जाते. तिथलं सोयाबीन अजून बाजूच्यापेक्षा वीतभर बुटकं राहतं, म्हणून तेवढे अडीच गुंठे या वर्षी पुन्हा ढैंच्याखाली ठेवलेत.